वहीत न लिहिलेलं पातेलं

ताई,

माझं वय 67. पत्नीला जाऊन सात महिने झाले. 41 वर्षांच्या संसारात मी स्वयंपाकघरात पाणी प्यायलाच काय तो गेलो. आता स्वतःपुरतं रांधायला शिकतोय. तिची एक वही आहे. तिच्यात लिहिलंय, दोन वाट्या तांदूळ, तीन वाट्या पाणी. मी एकटा, म्हणून सगळं निम्मं घेतो. मापात माझी चूक होत नाही, जन्मभर हिशोबाचंच काम केलं. तरी भाताला वर कणी राहते आणि खाली करपतो. डाळीत मीठ निम्मंच घालतो, तरी ती खारट. म्हणून हल्ली पुन्हा दोघांचाच भात लावतो, तो बरा होतो. उरलेला ओट्यावर झाकून ठेवतो आणि सकाळी गरम करून खातो. जेवण ओट्यापाशी उभ्यानेच. संध्याकाळी सात ते नऊ घर खायला उठतं. मुलगा म्हणतो, बाबा, कशाला जिवाला त्रास, जेवण बाहेरून मागवा, नाहीतर माझ्याकडे या. सूनही चांगली आहे. घरातलं मी काही हलवलेलं नाही, पातेल्यापासून सगळं तिचंच आहे. कधी वाटतं, तिच्या हाताबरोबर चवही गेली, आता मी शिकून काय होणार? या वयात हे जमतं का, की मुलाचं ऐकावं?

एक वाचक

भाऊ,

मुलाचं राहू द्या, सुनेचं राहू द्या, वयाचं तर नावच काढू नका. मला ते पातेलं दाखवा.

रुंद आहे ना? बूड पातळ, आणि झाकण म्हणून वर एक ताटली, जी उकळी आली की खडखडते आणि कडेने वाफ सोडते? मुलगा घरात होता तेव्हापासूनचं असणार. तुम्ही त्याचा उल्लेख शेवटी शेवटी केलात, आणि तोही घर जसंच्या तसं ठेवलंय हे मला कळावं एवढ्यासाठी. पण तुमचा करपणारा भात, ती खारट डाळ आणि रोज रात्री उरणारं दुसऱ्या माणसाचं जेवण, या तिन्हींचं मूळ त्याच एका भांड्यात आहे.

हिशोबाचे आहात, तर हिशोबानेच बोलू. भातात घातलेलं पाणी दोन ठिकाणी जातं. एक हिस्सा तांदूळ पितो. तो साधारण त्याच्या मापाइतका, वाटीभर तांदळाला वाटीभर पाणी. तांदूळ जुना असेल तर थोडं जास्त, नवा असेल तर थोडं कमी. दुसरा हिस्सा वाफ होऊन उडून जातो. वहिनींच्या मापात तीन वाट्या पाणी होतं. त्यातलं दोन वाट्या तांदूळ प्यायचा आणि सुमारे एक वाटी हवेत जायचं. हिशोब चोख जुळायचा.

आता तुम्ही सगळं निम्मं केलंत. एक वाटी तांदूळ, दीड वाटी पाणी. तांदळाने त्याचं निम्मं केलं, तो वाटीभरच प्यायला तयार आहे. पण वाफेने निम्मं केलं नाही! पातेल्याचं तोंड तेवढंच, झाकणाची फट तेवढीच, आच तेवढीच, वेळ तेवढाच. म्हणजे उडणारं पाणीही तेवढंच, एक वाटी. तांदळाला एक आणि हवेला एक मिळून दोन वाट्या लागणार होत्या, तुम्ही दिलीत दीड. अर्धी वाटी कमी पडली. खालचं पाणी संपलं, बूड तापत राहिलं, तळाचा भात करपला; वर पाणीच पोचलं नाही, तिथे कणी राहिली. त्यात रुंद बुडावर वाटीभर तांदळाचा थर तो केवढा! पोटात वाफ धरून ठेवायलाही जागा नाही. शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात, पण अशा पातेल्यात एक शीत कच्चं लागतं आणि दुसरं कोळसा. परीक्षा कुणाची घ्यायची?

माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजून बघा. त्या पातेल्यात नुसतं दोन वाट्या पाणी घाला. रोजचं झाकण ठेवा, उकळी आणा, आच बारीक करा आणि बारा मिनिटं तसंच राहू द्या. मग बंद करून गार झालं की उरलेलं पाणी त्याच वाटीने मोजा. जेवढं कमी भरेल तेवढी त्या भांड्याची हाव. तुमच्याकडे ती पाऊण वाटी निघेल, कदाचित एक, कदाचित जरा जास्तही. झाकण किती घट्ट आणि आच किती बारीक यावर ते ठरतं. आकडा काहीही निघो, तो वहीत कुठेच लिहिलेला नाही.

डाळीचंही तेच, फक्त उलट अंगाने. पाणी उडतं, मीठ उडत नाही. समजा दोघांसाठी सहा वाट्या पाणी घातलं, दोन वाट्या उडाल्या, चार उरल्या, आणि मीठ पडलं आठ चिमटी. वाटीला दोन चिमटी. (डाळ स्वतः पिते ते पाणी मी हिशोबातून बाजूला ठेवलंय, मुद्दा कळायला ते लागत नाही.) आता निम्मं करा. तीन वाट्या पाणी, उडाल्या त्याच दोन, उरली एक. मीठ प्रामाणिकपणे निम्मं, चार चिमटी. ते सगळं एका वाटीत. वाटीला चार चिमटी, म्हणजे दुप्पट खारट. मीठ तुम्ही बरोबर मोजलंत, मोजलंत मात्र चुकीच्या वेळी. एकट्याची डाळ असेल तर मीठ सगळ्यात शेवटी घालायचं, डाळ हवी तेवढी दाट झाल्यावर, चाखत चाखत. मग किती पाणी उडालं याच्याशी मिठाचा संबंधच राहत नाही.

हे मला कुठून कळलं तर माझीच भांडी जाळून. मुलं बाहेर पडली आणि घरात आम्ही दोघंच उरलो, तेव्हा मी महिनाभर भात करपवला. 30 वर्षं स्वयंपाक करणारी बाई! आधी तांदळाला दोष दिला, मग शेगडीला, मग नवऱ्याला, कारण तो मध्येच फोनवरून हाक मारायचा. पाण्याचं गणित सुचायला महिना लागला. त्यामुळे 41 वर्षांत ओट्याकडे न फिरकलेल्या माणसाला सात महिन्यांत ते सुचलं नाही, यात तुमच्या अकलेची काही चूक नाही. ओट्याकडे न फिरकण्याबद्दल मात्र मी तुम्हाला माफ करत नाही. ते वहिनींनी करायचं होतं, आणि केलंच असणार, बायका करतात.

आता तुमच्या आणखी एका वाक्याकडे वळते, ज्याने माझ्या पोटात गोळा आला. रात्रभर ओट्यावर झाकलेला भात सकाळी खाता. हे आजपासून बंद. तांदळावर बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते उकळीलाही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन् तास पडून राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. त्यातलं उलटी आणणारं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून ‘चांगला उकळून घेतला’ हे उत्तर इथे चालत नाही. वासही येत नाही, चवही बदलत नाही, जिभेला काही कळत नाही. खाल्ल्यावर तास-दोन तासांत, कधी पाच-सहा तासांनी पोट बिघडतं. सात महिन्यांत काही झालं नसेल तर ते नशीब समजा. भात उरलाच तर पसरट ताटात काढून लवकर गार करा, तासाभरात झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वाफ निघेपर्यंत गरम करून संपवा. त्यापुढे नाही. एकट्या घरात रात्री उलट्या सुरू झाल्या तर पाण्याचा पेला हातात द्यायला कोण आहे, याचा विचार करा.

पण उरायलाच का हवा? दोघांचा लावता, कारण तेवढाच त्या पातेल्यात नीट होतो. इथे तुम्ही पातेल्याचं पोट भरताय, भाऊ. आणि मला वाटतं हे तुम्हाला आत कुठेतरी ठाऊक आहे. दोन वाट्या मोजताना दोन माणसं आहेत असं वाटतं. झाकण उघडल्यावर तीच वाफ, तेवढाच भात, तोच वास. मग एकट्याने त्यातला निम्मा खायचा आणि निम्म्याकडे बघायचं. तेही उभ्याने, कारण बसलं की समोरची जागा दिसते. हे मी तुम्हाला रागावून लिहीत नाहीये. सात महिने म्हणजे काही फार नाहीत.

तरीही एक सांगते. वहिनी वहीत चुकल्या नाहीत, पण त्यांनी पूर्ण लिहिलंही नाही. कुठलं पातेलं, कुठलं झाकण, आच किती, किती वेळ, यातलं काहीच नाही. कारण ती वही दुसऱ्या कुणासाठी नव्हतीच. पातेलं त्यांच्या डोळ्यांसमोर होतं, आच त्यांच्या कानाला कळायची. हाताची चव म्हणता ती बरीचशी हीच, न लिहिलेली मापं. ती त्यांच्याबरोबर गेली हे खरं, पण ती मोजता येतात आणि मोजायला तर तुम्हाला येतं.

तेव्हा काम एकच. उद्या सकाळी बाहेर पडा आणि एक लहान पातेलं विकत आणा. तोंड सुमारे 15 सेंटीमीटर, साधारण एक लिटर पाणी मावेल एवढं, बूड जाड, आणि झाकण त्याचं स्वतःचं, घट्ट बसणारं. घरात शोधलंत तर एखादं लहान भांडं सापडेल. ते घेऊ नका. तेही वहिनींचंच असेल आणि त्यातही त्यांचंच काहीतरी शिजत राहील. तुम्हाला तुमचं भांडं हवंय, ज्याच्या बुडाला पहिला डाग तुमच्या हातून पडेल.

आणल्यावर पहिलं काम तांदळाचं नाही. दोन वाट्या पाण्याचा तोच प्रयोग त्यात करा. घट्ट झाकणाच्या लहान पातेल्यात पाव ते अर्धी वाटी उडेल. समजा पाव उडाली. मग तुमचं माप झालं एक वाटी तांदूळ आणि सव्वा वाटी पाणी. अर्धी उडाली तर दीड. आकडा माझा घेऊ नका, तुमच्या पातेल्याचा घ्या.

संध्याकाळी सातला तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुवा आणि चाळणीत नीट निथळू द्या, कारण अंगाला चिकटून राहिलेलं पाणीही मापात शिरतं. मग मोजलेल्या पाण्यात अर्धा तास भिजत ठेवा, त्याच पातेल्यात. भिजवलेलं पाणी फेकायचं नाही, त्यातच शिजवायचं, म्हणजे तांदळाने आधी किती प्यायलं याची चिंता नाही. साडेसातला मध्यम आचेवर उकळी आणा. उकळी आली की आच अगदी बारीक करा, झाकण लावा आणि बारा मिनिटं हात लावू नका. शेगडीपाशी राहा मात्र, आणि कान द्या. आधी खळखळ ऐकू येईल, मग ती मंद होईल, मग नुसती बारीक फसफस. फसफस थांबून चरचर सुरू झाली की पाणी संपलं, घड्याळात काहीही वाजलेलं असो, आच बंद करा. वहिनी याच आवाजावर बाहेरच्या खोलीतून उठून जात असतील. आठवून बघा, बोलता बोलता मध्येच उठायच्या की नाही?

आच बंद केल्यावर दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही. तळाचा ओलावा वर चढतो आणि वरच्या शितांची कणी जाते ती याच दहा मिनिटांत. उघडलंत की वाफ गेली आणि वरचा भात कच्चा राहिला. नवशिक्यांचा निम्मा भात इथे बिघडतो, अधीरपणाने. आणि तुमच्यासाठी ही दहा मिनिटं मला भाताहून जास्त महत्त्वाची वाटतात. सात ते नऊ हा वेळ खायला उठतो, कारण त्या वेळेत तुम्हाला काहीच करायचं नसतं. आता भिजवायचा अर्धा तास आहे, त्यात डाळ चढवा आणि भाजी चिरा. शिजायची बारा मिनिटं कान लावून उभं राहण्यात जातील. झाकणाच्या दहा मिनिटांत एकच करायचं. ताट घ्यायचं, पाण्याचा पेला भरायचा आणि हे सगळं ओट्यावरून उचलून जिथे बसून जेवता येईल तिथे नेऊन ठेवायचं. समोरची जागा दिसली तर दिसू दे. पहिले काही दिवस घास उतरणार नाही, तरी बसा. बसून थोडंच खाल्लं तरी चालेल.

दहा मिनिटांनी उघडा. मध्यावरचं एक शीत बोटात दाबा. पूर्ण मऊ दाबलं गेलं तर झाला. आत बारीक कठीण टोक लागलं तर दोन चमचे गरम पाणी शिंपडा, झाकण लावा, बारीक आचेवर पाच मिनिटं. उद्यासाठी दोन चमचे पाणी वाढवून ठेवा. उलट गिजका झाला तर उद्या दोन चमचे कमी. एका वेळी एवढाच बदल करा आणि तांदूळ, पातेलं, आच तीच ठेवा. एकदम तीन गोष्टी बदलल्यात तर कशाने बिघडलं ते कधीच कळणार नाही, हे मी हिशोबाच्या माणसाला काय सांगणार. चार-पाच दिवसांत माप बसेल.

मुलाला सांगा, मी भात लावायला शिकतोय, एवढ्यात बोलावू नकोस. तो प्रेमाने बोलतोय हे मी धरून चालते, पण बाप उभ्याने जेवतो हे त्याला माहीत आहे का? नसेल तर त्याने विचारलं नाही. ‘बाहेरून मागवा’ हे सांगायला एक मिनिट लागतं. एखाद्या सुट्टीच्या दिवशी सूनबाईंसह त्यालाच जेवायला बोलवा आणि त्या दिवशी मोठं पातेलं काढा. तिघांचा भात त्यात सुरेख होईल, ते त्यासाठीच आहे. तोवर ते वरच्या फळीवर ठेवा. कुणाला देऊ नका, पण रोज हाताशीही ठेवू नका.

आणि वही. तिला हात लावायची भीती वाटत असेल, तरी लावा. दोन वाट्या तांदूळ, तीन वाट्या पाणी, या ओळीखाली पेनाने लिहा, ‘मोठं पातेलं’. त्याखाली तुमची ओळ येऊ द्या. एक वाटी तांदूळ, पाणी जेवढं ठरेल तेवढं, लहान पातेलं, बारीक आच, बारा मिनिटं, दहा मिनिटं झाकण बंद.

पहिल्या दिवशी बिघडला तर मला लिहा. पण झाकण कितव्या मिनिटाला उघडलंत ते खरं सांगायचं.

तुमची ताई